प्रतिसाद: लाल टिकली

>मैत्रिणीच्या जलरंगचित्रांचं पहिलंच प्रदर्शन सांगलीत आहे, तीन दिवस. बुके सोडून काय नेऊ?

बजेट असेल तर एक छोटं चित्र विकत घ्या, आणि तेही पहिल्याच दिवशी, पहिल्या तासाभरात. विकलेल्या चित्राच्या लेबलवर लाल ठिपका लावतात. तो दिसला की बाकीचेही किंमत विचारायला धजतात, कोरी भिंत पाहून लोक नुसतं 'छान' म्हणून निघतात. मैत्री म्हणून सवलत मागू नका. चित्र लगेच घरीही नेऊ नका. शेवटच्या दिवसापर्यंत ते भिंतीवरच राहू दे.

माझ्या मैत्रिणीच्या वेळी ठिपके आणायचेच राहिले होते. शेवटी माझ्या पर्समधल्या टिकल्या लावल्या, काम झालं!

दुसरी भेट म्हणजे दुपारचे दोन तास. चित्रकाराला टेबल सोडून जेवायलाही जाता येत नाही. डबा घेऊन जा, तिला बाहेर बसवा आणि टेबल तुम्ही सांभाळा. त्याआधी किमतींची यादी तिच्याकडून समजून घ्या, म्हणजे कोणी घासाघीस केली तर परस्पर आकडा कमी करणार नाही. जो चित्रासमोर रेंगाळला, त्याचा नंबर वहीत लिहून घ्या, पुढे चित्राचं नाव. आमच्याकडचं एक चित्र या वहीमुळेच आठवड्यानंतर गेलं.