विषय: विक्रीचा तक्ता: खाली १००% दिसतंय, पण टक्के जुळत नाहीत

प्रेषक: शुभांगी

नमस्कार मंडळी,

सहा वस्तूंच्या विक्रीचा साधा तक्ता आहे. A मध्ये वस्तू, B मध्ये विक्रीची रक्कम, पहिली ओळ शीर्षकांची. २ ते ७ या ओळींत माल असा:

वही ४२०
पेन १८०
कॅलेंडर ६००
पिशवी २५०
पोस्टर १५०
डायरी ४००

आठव्या ओळीत एकूण हवं आणि C मध्ये प्रत्येक वस्तू एकूण विक्रीच्या किती टक्के ते. B8 मध्ये `=SUM(B2:B7)` आणि C2 मध्ये `=B2/B8` लिहिलं. C2 मध्ये २४% आलं, म्हणून तेच खाली ओढलं, तर C3 पासून सगळीकडे #DIV/0! काय चुकलं?

शुभांगी

---

प्रेषक: मिलिंद

शुभांगी, डॉलर राहिला. सूत्र खाली ओढलं की B8 चं B9 होतं, मग B10. तिथे काहीच नाही, म्हणजे शून्याने भागाकार. C2 मध्ये असं लिही आणि पुन्हा C8 पर्यंत ओढ:

```
=B2/$B$8
```

सूत्र लिहिताना B8 वर असतानाच F4 दाबलं की डॉलर आपोआप लागतात. कॉलमला टक्क्यांचं फॉरमॅट दे, १०० ने गुणू नकोस. दोन्ही केलंस तर २४ चे २४०० होतील. C8 मध्ये १००% आलं की समज सगळं बरोबर.

मिलिंद

---

प्रेषक: शुभांगी

मिलिंद, #DIV/0! गेलं आणि C8 मध्ये १००% आलं. पण वरचे आकडे बघा: २४, १०, ३४, १४, ९, २३. कॅल्क्युलेटरवर त्यांची बेरीज ११४ होते. मग खालचे १०० कुठून आले?

शुभांगी

---

प्रेषक: विनयकाका

शुभांगी, टक्के १०० च्या वर जाणं काही विशेष नाही. मागच्या महिन्यापेक्षा विक्री वाढली की तसंच दिसतं. या महिन्याच्या आकड्यातून मागचा वजा करायचा आणि मागच्याने भागायचं. तुझ्याकडे मागच्या महिन्याचा कॉलम आहे का?

---

प्रेषक: अनघा

काका, तुम्ही म्हणता ती वाढीची टक्केवारी, ती वर कितीही जाऊ शकते. शुभांगीला एकूणातला वाटा हवा आहे. वाट्यांची बेरीज १०० च व्हायला हवी, ११४ आली म्हणजे घोटाळा आहे.

शुभांगी, तुझी शंका रास्त आहे. मिलिंदचा डॉलरचा उपाय अगदी बरोबर, पण ते सूत्र C8 पर्यंत ओढायला नको होतं. C8 मध्ये आता `=B8/$B$8` आहे, म्हणजे एकूण भागिले तेच एकूण. वरचे सगळे आकडे चुकले तरी तिथे १००% च येणार. तो पडताळा नव्हेच, नुसता आरसा आहे. तिथे वरच्या टक्क्यांची बेरीज ठेव:

```
=SUM(C2:C7)
```

आता C8 मध्ये ११४% दिसेल. या आकड्यातूनच चोर सापडतो. तुझे सहा आकडे हाताने मिळवले तर २००० होतात. पण पहिल्या मेलमध्ये वहीचे २४% आले होते, आणि ४२० हे २४% असतील तर एकूण १७५० धरलं गेलंय. B8 मध्ये तेच दिसत असेल. फरक २५० चा, आणि २५० ची वस्तू एकच, पिशवी.

B5 मधले २५० तिथे संख्या म्हणून नसून मजकूर म्हणून बसलेत. दुसऱ्या फाइलमधून चिकटवताना किंवा आधी ' टाइप झाल्यावर असं होतं. SUM ला रेंज दिली की त्यातला मजकूर ती गुपचूप वगळते, चूक दाखवत नाही. भागाकार मात्र त्याच मजकुराला संख्या मानून चालवून घेतो. त्यामुळे पिशवी छेदात मोजली गेली नाही, पण तिचा १४% वाटा मात्र दिसला. बाकीचे सगळे वाटे त्यामुळे फुगले.

खात्री करायला कुठल्याही रिकाम्या सेलमध्ये हे दोन लिही:

```
=COUNT(B2:B7)
=COUNTA(B2:B7)
```

पहिलं फक्त संख्या मोजतं, दुसरं भरलेले सगळे सेल. तुझ्याकडे ५ आणि ६ येतील. नजरेनेही ओळखता येतं. अलाइनमेंटला हात लावलेला नसेल तर संख्या सेलच्या उजव्या कडेला टेकते आणि मजकूर डाव्या. एक्सेलमध्ये बहुधा कोपऱ्यात हिरवा त्रिकोणही असतो. त्याच्या शेजारच्या चिन्हावर क्लिक करून Convert to Number निवड. नुसतं फॉरमॅट बदलून Number केलंस तर एक्सेलमध्ये आत मजकूर तसाच राहतो. अनेक जण इथेच फसतात, कारण फॉरमॅट बदललेलं दिसतं आणि बेरीज तरी तीच. एकच सेल आहे, तेव्हा फॉरमॅट General कर आणि २५० पुन्हा टाइप कर, झालं.

अनघा

---

प्रेषक: शुभांगी

अनघाताई, COUNT ५ आणि COUNTA ६, अगदी तसंच! २५० पुन्हा टाइप केले. B8 मध्ये २००० आले, C8 मध्ये खरे १००%.

पण आता वरचे टक्के २१, ९, ३०, १३, ८, २० दिसतात. मिळवले तर १०१! परत मजकूर आहे की काय? COUNT तर ६ आहे.

शुभांगी

---

प्रेषक: मिलिंद

तो दशांशाचा खेळ आहे, मजकूर नाही. पिशवी १२.५% आणि पोस्टर ७.५%, दोन्ही वर सरकून १३ आणि ८ दिसतात. सूत्रालाच ROUND घाल, म्हणजे जे दिसतं तेच आत असेल:

```
=ROUND(B2/$B$8,2)
```

---

प्रेषक: अनघा

कारण बरोबर, उपाय नको. ROUND घातलंस तर आतही ०.१३ आणि ०.०८ होतील आणि C8 मध्ये खरोखरच १०१% येईल. आत्ता निदान आतले आकडे शुद्ध आहेत, फक्त दिसायला गोल झालेत.

शुभांगी, Increase Decimal च्या बटणाने एक दशांश वाढव. २१.०, ९.०, ३०.०, १२.५, ७.५, २०.० अशी बेरीज चोख १००.० होईल. तुझ्या आकड्यांना एक दशांश पुरला, दरवेळी पुरेलच असं नाही. तीन वस्तू समान विकल्या गेल्या तर ३३.३ तीनदा येणार आणि बेरीज ९९.९, त्याला इलाज नाही. तक्त्याखाली "पूर्णांकनामुळे बेरजेत किंचित फरक" एवढी ओळ लिहावी.

---

प्रेषक: मिलिंद

ताई, वाचणारे तळटीप वाचत नाहीत, "१०१ कसे?" एवढंच विचारतात. मी असतो तर सगळ्यांत मोठ्या वस्तूतून एक टक्का काढून टाकला असता. कॅलेंडर २९, कोणाला कळतंय?

---

प्रेषक: अनघा

ज्याला ६०० भागिले २००० येतं त्याला कळतं, मिलिंद! कॅलेंडरचे नेमके ३० टक्के आहेत. आकडा अगदी स्वच्छ आणि तोच बिघडवायचा, हे मला पटत नाही. तुला पटत असेल तर तुझ्या तक्त्यात कर, पण सूत्र पुसून हाताने आकडा टाइप करू नकोस. पुढे विक्री बदलली की तो २९ तसाच बसून राहील.

शुभांगी, एक राहिलं. सातवी वस्तू आली तर तू एकूणच्या ओळीच्या अगदी वर नवी ओळ घालशील. ती B2:B7 च्या बाहेर पडते. एक्सेल कधी रेंज स्वतःहून वाढवतं, कधी नाही, त्यावर विसंबू नये. आणि इथे C8 चा पडताळाही फसतो. B आणि C या दोन्हींच्या बेरजांमधून तीच ओळ सुटते, म्हणून १००% दिसत राहतं.

त्यासाठी आठवी ओळ रिकामी सोड, तिची उंची कमी कर आणि एकूण नवव्या ओळीत ने. बेरजेत ती रिकामी ओळही घे:

```
B9:  =SUM(B2:B8)
C2:  =B2/B$9
C9:  =SUM(C2:C8)
```

नवी वस्तू नेहमी त्या रिकाम्या ओळीच्या वर घाल, म्हणजे रेंज आपोआप ताणली जाते. C चं सूत्र मात्र नव्या ओळीत ओढावं लागेल. विसरलीस तर C9 १०० च्या खाली येईल आणि लगेच कळेल. आणखी एक फायदा म्हणजे तक्त्यातल्या एखाद्या सेलवर उभं राहून सॉर्ट केलंस तरी एकूणची ओळ मध्ये कुठे घुसत नाही, कारण पूर्ण रिकाम्या ओळीपाशी तक्ता संपला असं धरलं जातं.

---

प्रेषक: विनयकाका

अनघा, माझ्या तक्त्यात फिल्टर आहे. शुभांगीच्याच मालावर बोलायचं तर फक्त कॅलेंडर आणि पोस्टर ठेवले, तरी खाली एकूण २००० च दिसतं. मला त्या दोघांचंच एकूण हवंय.

---

प्रेषक: अनघा

काका, SUM ला फिल्टर कळत नाही. तिच्या जागी हे:

```
=SUBTOTAL(9,B2:B8)
```

फिल्टरने झाकलेल्या ओळी हे सूत्र सोडून देतं. एकूण ७५० येईल. ओळी तुम्ही हाताने Hide करत असाल तर मात्र ९ त्याही मोजतं, तिथे १०९ लिहा.

पण छेदही तोच सेल असल्याने टक्केही बदलतील, ते ध्यानात ठेवा. कॅलेंडर ३०% चं ८०% होईल, पोस्टर ७.५% चं २०%. दिसणाऱ्यांतला वाटा हवा असेल तर हेच बरोबर. सगळ्या विक्रीतला वाटा हवा असेल तर C मध्ये छेद म्हणून `SUM(B$2:B$8)` थेट लिहा आणि SUBTOTAL फक्त एकूणच्या ओळीत ठेवा. मग दिसणारे टक्के मिळून ३७.५ होतील.

---

प्रेषक: विनयकाका

मला दोन्ही हवेत.

---

प्रेषक: मिलिंद

मग दोन कॉलम करा काका, आणि शीर्षकं "एकूणातला वाटा" आणि "दिसणाऱ्यांतला वाटा" अशी वेगळी द्या. मला विचाराल तर दुसरा कॉलम नकोच, फिल्टर काढला की दोन्हीकडे एकच आकडे येतात आणि बघणारा गोंधळतो.

---

प्रेषक: शुभांगी

रिकामी ओळ घातली, C9 मध्ये १००.०% आहे. चाचणीसाठी B5 मध्ये मुद्दाम '250 लिहून पाहिलं तर लगेच ११४.३% झालं. परत २५० केलंय. मिलिंद, कॅलेंडर ३०.० च ठेवते.