मदत हवी आहे: क्लायंटना दिवाळी-नाताळच्या शुभेच्छा, फॉरवर्ड वाटू नयेत म्हणून काय लिहू?

फोंड्याची_बाय: फोंड्यात हिशेबाचं, जीएसटी रिटर्नचं काम करते, साठेक क्लायंट आहेत. गेल्या दिवाळीला पणतीचं चित्र, खाली फर्मचं नाव, सगळ्यांना एकदम पाठवलं. एका दुकानदाराचे वडील जूनमध्ये गेलेले, घरी गणपतीची चवथसुद्धा नव्हती, आणि मी त्यांना 'आनंदाची दिवाळी' पाठवून मोकळी. मला माहीत होतं हो, ते अजून टोचतं. यंदा प्रत्येकाला वेगळं लिहायचंय पण 'शुभेच्छा'च्या पुढे सुचत नाही. नेमकं काय घालायचं? आणि कॅथलिक क्लायंटना दिवाळीचं पाठवायचं की फक्त नाताळचं?

रायडर_डिचोली: व्हॉट्सअॅपवर ब्रॉडकास्ट लिस्ट करा, एकीत 256 जण बसतात, प्रत्येकाला सुटा मेसेज जातो.

म्हापसेकर: सुटा जातो, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच, आणि मजकूर सगळ्यांना तोच. मी बरीच वर्षं विम्याचं काम करतो. वर्षभर क्लायंट बोलता बोलता काही सांगतो, मुलगी नर्सिंगला लागली, छप्पर बदललं, ते फोन ठेवल्याबरोबर वहीत एका ओळीत लिहितो, दिवाळीत आठवायला बसलं तर काही आठवत नाही. मेसेजमध्ये त्यातली एकच गोष्ट. ती त्याने स्वतः सांगितलेली असावी, तुमच्या कागदांतून कळलेली नाही, 'यंदा धंदा छान झाला' हे त्याचे आकडे बघणाऱ्या माणसाने लिहिलं तर त्याला कसंतरीच होतं. कळंगुटच्या एका गेस्ट हाऊसवाल्यांना मी असं लिहिलेलं:

'बाब, पावसाआधी छप्पर होईल की नाही याची तुम्हाला काळजी होती, वेळेत झालं ते बरं झालं. घरी सगळ्यांना नाताळच्या शुभेच्छा.'

खाली माझं नाव, फर्मचं नाही. चित्र नाही, 'राहिलेले कागद पाठवा' तर अजिबात नाही, ते जोडलं की वरचं सगळं बहाणा वाटतं. आणि हे 22 डिसेंबरला, 31 ला त्यांना फोन बघायलाही वेळ नसतो.

सासष्टीकार: काजूचा अर्धा किलोचा बॉक्स द्या, मेसेज कोण वाचतो. मी यंदा चाळीस बॉक्स सांगितलेत, कुणाला स्वस्त दुकान माहीत आहे का?

फोंड्याची_बाय: भेटवस्तूचं नाही विचारलं हो. म्हापसेकर, 22 जमेल, 20 तारखेचं जीएसटीचं 3बी रिटर्न भरून झालेलं असतं. पण ज्यांच्या घरी दुःख आहे त्यांना?

म्हापसेकर: 'शुभ' शब्द नको. 'सणाच्या दिवसांत बाबांची आठवण येत असेल, तुमची चौकशी करायला लिहिलंय' एवढंच, दिवाळीच्या दोन दिवस आधी. जमलं तर फोनच करा.

वास्को_मावशी: आमच्या शेजारच्या कॅथलिक बाई दिवाळीला आधी आपणच फोन करतात, तेव्हा पाठवा की बिनधास्त.

म्हापसेकर: शेजार वेगळा मावशी. ज्यांच्याशी कामापुरतंच बोलणं आहे त्यांना मी नाताळलाच लिहितो.

फोंड्याची_बाय: त्या दुकानदारांना आज फोन केला, पाचेक मिनिटं वडिलांबद्दलच बोलत होते. बाकीच्यांसाठी वही काढलीय, साठांपैकी अठरा जणांचंच काहीतरी आठवतंय. उरलेल्यांना काय लिहू?