कंपनीचं नाव बदललं: जुनी ब्रोशर्स रद्दीत की स्टिकर मारून खपवायची?

पंपवाली_भोसरी
आमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, सबमर्सिबल पंप बनवतो. कंपनीचं नाव बदललं, नवं प्रमाणपत्रही आलं. त्याच सुमारास कारखाना आणि नोंदणीकृत कार्यालय भोसरीहून चाकणला हलवलं. लँडलाइन गेली, मोबाइल नंबर नवा. जुनी तीन घडीची ब्रोशर्स चार हजारांच्या आसपास पडून आहेत. त्यांची पीडीएफ वेबसाइटवर आहे आणि डीलर मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतेय. सासरे म्हणतात, स्टिकर लावा आणि वाटून टाका. मी म्हणते, सगळी रद्दीत घाला, जुन्या नावाचा मागमूस कुठे राहता कामा नये. तुमचं मत?

फिरता_विक्रेता
ताई, राग मानू नका, पण हे ऑफिसात बसून घेतलेलं मत वाटतं. मी पंढरपूर, सांगोला, जत या पट्ट्यात पंप विकतो. दुकानात आलेला शेतकरी "त्या अमक्याचा पंप आहे का" असंच विचारतो. ते अमकं म्हणजे तुमचं जुनं नाव. ते पुसलंत तर तुमचाच पंप तुमच्याच गिऱ्हाइकाला अनोळखी होईल. माझ्या मते जुनी ब्रोशर्स आहेत तशीच वाटा, फक्त नव्या नंबरचा शिक्का मारा. नाव हळूहळू बदलेल.

शाईचे_डाग
मी छापखाना चालवतो, म्हणून फक्त स्टिकरवर बोलतो. तुमच्या ब्रोशरला मॅट लॅमिनेशन असणारच. त्यावर साध्या गमचा स्टिकर टिकत नाही. उन्हाळ्यात दुकानाच्या काउंटरवर ठेवलं की आठवड्यात कोपरे उचलतात, मग लोक नखाने खरवडून खाली काय आहे ते बघतात. पातळ पांढऱ्या कागदातून खालची काळी अक्षरं दिसतात ती वेगळीच. स्टिकर लावायचाच तर पाठीमागून राखाडी थर असलेला घ्या, त्यातून काही दिसत नाही. कुणी म्हणेल वरून पुन्हा छापून घ्या. लॅमिनेशनवर ऑफसेटची शाई धरत नाही, स्क्रीन प्रिंटिंगने जमतं. पण काळा पट्टा मारून वर पांढरं नाव छापलं की काहीतरी लपवलंय हे लांबूनच कळतं.

आणि खरी गोम पुढे आहे. जुनं नाव फक्त मुखपृष्ठावर आणि मागच्या पत्त्यात आहे असं आपण धरून चालतो. एक प्रत घ्या, लाल पेन घ्या आणि ओळीओळीने गोल करत जा. गेटच्या फोटोत पाटी दिसते. पंपाच्या फोटोत नेमप्लेट दिसते. आतल्या पानावर प्रमाणपत्राचा छोटा फोटो असतो, त्यावर नाव आणि पत्ता दोन्ही. शिवाय क्यूआर कोड. तो छापताना ज्या वेबपत्त्यावर नेतो, तोच कायम राहतो. एका गिऱ्हाइकाचे असे अकरा गोल निघाले होते. त्याने स्टिकर फक्त दोन छापून घेतले होते.

हिशेबनीस
यात चर्चा करण्यासारखं काही नाही. नाव बदललं की जीएसटी नंबर बदलतो, सीआयएन म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक बदलतो, सगळं नव्याने छापावंच लागतं. जुनं नाव कागदावर राहिलं तर दंड. ताईंचं बरोबर आहे, रद्दीत घाला.

कलम_बारा
हिशेबनीस, दंड आहे एवढं बरोबर, बाकी उलटं सांगितलंत. कंपनी तीच, पॅन तोच, राज्य तेच, त्यामुळे जीएसटी नंबर तोच राहतो. फक्त नोंदणीतलं नाव आणि पत्ता दुरुस्त करायचा, त्याला बदलानंतर 15 दिवसांची मुदत आहे. सीआयएनही नुसत्या नावाने बदलत नाही. पब्लिकची प्रायव्हेट झाली, राज्य बदललं किंवा व्यवसायाचं क्षेत्र बदललं तर बदलतो.

आता जुन्या नावाचं. कंपनी कायदा 2013 चं कलम 12 वाचा. लेटरहेड, बिलं, नोटिसा आणि कंपनीची अधिकृत प्रकाशनं यांवर नाव, नोंदणीकृत पत्ता, सीआयएन, फोन, ईमेल छापायचा. त्याच कलमाचं परंतुक सांगतं की गेल्या दोन वर्षांत नाव बदललं असेल तर नव्या नावासोबत जुनंही छापायचं आणि कार्यालयाबाहेरच्या पाटीवरही लिहायचं. चुकलं तर दिवसाला हजार रुपये, कमाल एक लाख, आणि तो कंपनीला तसाच कसुरवार अधिकाऱ्यांनाही. म्हणजे ताई, ज्या नावाचा मागमूस नको म्हणताय, तो दोन वर्षं ठेवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. "पूर्वीचे नाव अमुक" अशी एक ओळ. विक्रेते म्हणतात तसं जुनंच नाव मोठ्या अक्षरात ठेवून चालणार नाही, आणि तुम्ही म्हणता तसं पुसूनही नाही.

फिरता_विक्रेता
बघा! म्हणजे मीच बरोबर निघालो.

कलम_बारा
अर्धे. नावाबाबत. पत्त्याबाबत नाही. नोंदणीकृत कार्यालय हलल्यावर जुना पत्ता चालू असल्यासारखा छापून वाटणं म्हणजे नोटिसा भोसरीच्या रिकाम्या गाळ्यात टाकायला लावणं. "पूर्वीचा पत्ता" छापायची सोय कायद्यात कुठे नाही. तो जायलाच हवा.

पंपवाली_भोसरी
हे माहीतच नव्हतं. लेटरहेडवर ती ओळ टाकते. पण ब्रोशर हे "अधिकृत प्रकाशन" आहे का? ते तर जाहिरातीचं साहित्य.

कलम_बारा
इथे माझ्याच धंद्यातल्या लोकांचं एकमत नाही. पोस्टर किंवा रस्त्यावरचा फलक अधिकृत प्रकाशन नाही असं बहुतेक जण मानतात. पण तुमच्या ब्रोशरवर तांत्रिक तपशील आहेत, कंपनीची ओळख आहे, ते निविदेसोबत जोडलं जातं. मी अशिलाला सांगेन की ती ओळ टाकाच. एका ओळीला खर्च काय येतो?

वाटण_घाटण
आमचाही हाच प्रश्न आहे. मसाल्याच्या पाकिटांचं नाव बदललं, जुने रोल तीन महिने पुरतील एवढे आहेत. वर मी नव्या नावाचे स्टिकर लावतेय. चालेल ना?

कलम_बारा
तुमचं प्रकरण निराळं आहे. ब्रोशरवर स्टिकर लावला तर फक्त वाईट दिसतं. पाकिटावर नाव-पत्त्याची माहिती स्टिकरने बदलायला वजनमापाच्या 2011 च्या नियमांत मनाई आहे. मुभा आहे ती किंमत कमी करण्याच्या स्टिकरला, तीही मूळ किंमत न झाकता. अन्न परवान्यातलं नावही बदलावं लागेल. उरलेल्या रोलबद्दल आधी वैधमापन कार्यालयात विचारा. तोवर स्टिकर थांबवा.

वाटण_घाटण
तीन महिन्यांचे रोल आहेत हो.

गुणवत्ता_तपासनीस
सगळे नावावर अडकलेत, म्हणून मध्ये पडतो. ताई, तुमच्या ब्रोशरवर आयएसआयची खूण आहे का? सबमर्सिबल पंपाला आयएस 8034 ची असणार, आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक.

पंपवाली_भोसरी
हो, पहिल्याच पानावर. प्रमाणपत्राचा फोटोही आत आहे.

गुणवत्ता_तपासनीस
मग तुमचं सगळ्यात मोठं काम तिथे आहे. आयएसआयची खूण देणाऱ्या बीआयएसचा परवाना कंपनीच्या नावाला सरसकट मिळत नाही, तो त्या जागेतल्या कारखान्याला मिळतो. तपासणी भोसरीच्या यंत्रांची आणि भोसरीच्या चाचणी बाकाची झाली होती. चाकणचा पत्ता परवान्यावर चढल्याशिवाय तिथे बनलेल्या पंपावर खूण मारता येत नाही. आयएसओच्या प्रमाणपत्राचंही तसंच, त्यावर जागा लिहिलेली असते. आता घेणाऱ्याच्या बाजूने बघा. जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठ्याच्या निविदेला तुम्ही स्टिकर मारलेलं ब्रोशर जोडलंत. तिथला अभियंता बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो क्रमांक टाकतो. समोर येतं जुनं नाव आणि भोसरी. ब्रोशरवर नवं नाव आणि चाकण. आतल्या प्रमाणपत्राच्या फोटोत पुन्हा भोसरी. एकाच कागदात दोन कंपन्या. तो तुम्हाला फोन करून विचारत बसणार नाही, निविदा बाजूला ठेवेल. म्हणून माझं मत असं की नवी ब्रोशर्स आत्ता छापूच नका. परवान्यात दोन्ही बदल झाले की छापा.

पंपवाली_भोसरी
नावाचा अर्ज गेलाय. जागेचा बाकी आहे.

फिरता_विक्रेता
म्हणजे तोवर माझ्यासारख्याने दुकानात काय दाखवायचं? रिकामे हात?

शाईचे_डाग
एका पानाचं पत्रक. लॅमिनेशन नको, डिजिटलवर दोन-तीनशे प्रती. नवं नाव, खाली पूर्वीचं नाव, चाकणचा पत्ता, नंबर, मॉडेलची यादी. प्रमाणपत्राचा फोटो नाही, खूण नाही. परवाना आला की ऑफसेटला मोठी छपाई. आणि डिझायनरकडून कोरल ड्रॉची मूळ फाइल घ्या. बहुतेक जण अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे नुसते आकार बनवून देतात, त्यात पुढे एक आकडाही बदलता येत नाही.

माऊसवाला
पीडीएफबद्दल कुणी बोललं नाही. जुन्या पत्त्यावर पांढरा चौकोन ठेवून फाइल सेव्ह करणारे खूप बघितलेत. खालचा मजकूर तसाच राहतो, निवडून कॉपी केला की बाहेर येतो आणि गूगललाही वाचता येतो. नवी फाइल हातात आली की एवढं बघा:

```
pdftotext navin.pdf - | grep -i bhosari
pdfinfo navin.pdf
```

पहिल्या ओळीतून काही निघालं तर पत्ता आत शिल्लक आहे. दुसरीत Title आणि Author मध्ये बहुतेक वेळा जुनं नाव सापडतं. मर्यादा अशी की देवनागरीतला पत्ता, कर्व्ह केलेली अक्षरं आणि फोटोतला मजकूर यात पकडला जात नाही. त्याला लाल पेनच लागेल.

वेबसाइटवर नवी पीडीएफ जुन्याच फाइलनावाने चढवा. लोक `catalogue-new.pdf` चढवतात आणि `catalogue.pdf` सर्व्हरवर तशीच राहते. डीलरने दोन वर्षांपूर्वी पाठवलेली लिंक मग भोसरीच दाखवत राहते. डोमेन बदललं असेल तर जुनं नूतनीकरण करत राहा आणि नव्याकडे वळवा, छापलेला क्यूआर तिथेच जाणार आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेल्या प्रती परत येत नाहीत, तो नाद सोडा.

फिरता_विक्रेता
म्हणूनच सांगत होतो, जुना नंबर बंद करू नका! कागद गोळा करून संपत नसतात. विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत चिकटवलेला नंबर दहा वर्षांनी लावतात लोक.

पंपवाली_भोसरी
लँडलाइन तर गेलीच. जुना मोबाइल महिन्याभरापूर्वी बंद केला.

माऊसवाला
मग आजच मोबाइल कंपनीच्या दुकानात जा. बंद झालेला नंबर निदान 90 दिवस दुसऱ्या कुणाला देत नाहीत. मिळाला तर कमीत कमी रिचार्जवर जिवंत ठेवा आणि कॉल नव्याकडे वळवा. तो दुसऱ्याच्या हातात गेला तर तुमचं प्रत्येक जुनं ब्रोशर त्याची जाहिरात करेल.

पंपवाली_भोसरी
नंबरासाठी उद्या सकाळी जाते. ब्रोशर्स रद्दीतच, सासऱ्यांना परवान्याचं कारण सांगितल्यावर पटलं. त्यांनी एक मुद्दा काढलाय: डीलरांच्या दुकानांवर आमच्या खर्चाने लावलेल्या पाट्या आहेत, त्यावर जुनं नाव आणि भोसरीचा नंबर. त्या कुणी बदलायच्या?

फिरता_विक्रेता
त्या राहू द्या. माझ्या भागात त्या पाटीखाली लोक एसटीची वाट बघतात.

कलम_बारा
दुकान तुमचं कार्यालय नसेल तर कलम 12 ची पाटीची अट तिथे लागत नाही. पण नंबरावर रंग मारून घ्या.