मदत हवी आहे: होमस्टेचे पैसे आणि एआयचा धबधबा, एकाच व्हिडिओत दोन्ही कसे जाहीर करायचे?

पुन्हा_रेंडर
आंबोलीतल्या एका होमस्टेचा व्हिडिओ एडिट करतोय. यूट्यूबसाठी, मराठीत, लांबी 9 मिनिटे 20 सेकंद. होमस्टेवाल्यांनी चॅनलला दोन रात्रींचे राहणे-जेवण फुकट दिले आणि वर 8 हजार रुपये. त्यांचा भाग 2:10 ते 4:40 असा आहे, बाकी घाट आणि गाव.

शूटिंग मे महिन्यातले, धबधबा कोरडाठाक. म्हणून 12 सेकंदांचा पावसाळी धबधबा एआयने बनवून घातलाय. ओळखू येत नाही इतका खरा वाटतो. निवेदनही एआय आवाजात आहे, पण तो टूलमधला तयार आवाज, कोणाची नक्कल नाही. यातूनच 40 सेकंदांचा शॉर्ट काढायचा आहे.

मालक म्हणतात, "जाहिरात म्हणून लिहू नका, शेवटी आभार माना." कुठे काय टिक करायचे आणि पडद्यावर काय लिहायचे?

ठाणे_स्लो
डिस्क्रिप्शनमध्ये #ad टाका, विषय संपला. एआयसाठी मात्र आता पडद्याच्या 10 टक्के भागावर शिक्का लागतो, तेवढी जागा सोडा.

कातळसडा
ठाणे_स्लो, 10 टक्क्यांची अट ऑक्टोबर 2025 च्या मसुद्यात होती. 20 फेब्रुवारी 2026 पासून जे आयटी नियम लागू झाले त्यात ती गळली. लेबल ठळक दिसले पाहिजे, एवढे राहिले. आणि #ad डिस्क्रिप्शनच्या तळाशी पंधरा हॅशटॅगांच्या गर्दीत टाकणे म्हणजे न टाकल्यासारखेच. 'आणखी' दाबल्याशिवाय दिसत नाही ते चालत नाही.

पुन्हा_रेंडर, आधी पैशांचे बघू. स्टुडिओत व्हिडिओच्या `Details` पानावर खाली `Show more` उघडा. तिथे `Paid promotion` आहे, तो चौकोन टिक करा. प्रेक्षकाला सुरुवातीची 10 सेकंद `Includes paid promotion` दिसेल. बहुतेक लोक इथेच थांबतात, पण तुमचा होमस्टे येतो 2:10 ला. यूट्यूबची पट्टी जाऊन तोवर दोन मिनिटे झालेली असतात आणि मधूनच बघायला सुरुवात करणाऱ्याला ती दिसतही नाही.

म्हणून दुसरा थर स्वतः चढवायचा. जाहिरात मानक परिषदेच्या म्हणजे एएससीआयच्या नियमाप्रमाणे दोन मिनिटे किंवा त्याहून लांब व्हिडिओत, ब्रँडविषयी जितका वेळ बोलणे चालू आहे तितका वेळ लेबल हवे. तुमच्याकडे 2:10 ते 4:40, सलग 150 सेकंद. शब्द 'जाहिरात' ठेवा. व्हिडिओ मराठी आहे, तर लेबल मराठीत चालते आणि आजीलाही कळते. शॉर्टला हिशेब वेगळा. 15 सेकंदांच्या वर आणि दोन मिनिटांच्या आत असेल तर एकूण लांबीचा तिसरा हिस्सा. 40 सेकंदांना 13.3 येतात, 14 धरा आणि पहिल्या फ्रेमपासून लावा. शॉर्टला टिकही वेगळी करावी लागते, मोठ्या व्हिडिओची आपोआप येत नाही.

शिवाय ग्राहक व्यवहार खात्याच्या जानेवारी 2023 च्या मार्गदर्शिकेत व्हिडिओसाठी दिसणारे आणि ऐकू येणारे असे दोन्ही मागितले आहे. 2:10 ला निवेदनात एक वाक्य घाला: "या होमस्टेने आम्हाला पैसे दिले आहेत आणि राहणे-जेवण मोफत दिले आहे." शेवटचे 'आभार' यातले काहीच सांगत नाहीत. आभार तर वाट दाखवणाऱ्या गुराख्याचेही मानतात.

आता एक विचारतो. तो धबधबा नेमका कुठल्या शॉटनंतर येतो?

मॉनेटवाले_काका
एआय आवाज असेल तर मॉनेटायझेशन जाते हो. टिक केली की यूट्यूबला आयतेच कळते. गप्प राहा.

पुन्हा_रेंडर
गॅलरीत चहाचा कप, समोर झाडी, आणि तिथून कट थेट धबधब्यावर. मालकांना तो कट फार आवडलाय.

कातळसडा
आवडणारच. बघणारा दोन शॉट जोडून वाचतो: गॅलरीत बसले की समोर धबधबा. होमस्टेतून तो दिसतो का?

पुन्हा_रेंडर
नाही. गाडीने जावे लागते.

कातळसडा
मग इथे लेबल पुरत नाही. एआय आहे हे जाहीर केले तरी 'गॅलरीतून धबधबा' हा दावा खोटाच राहतो. पैसे घेऊन केलेला खोटा दावा म्हणजे ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणारी जाहिरात, आणि दंड 10 लाखांपर्यंत जाऊ शकतो. तो फक्त मालकालाच नव्हे, तर जाहिरात करणाऱ्या चॅनललाही होऊ शकतो. क्लिप 2:10 च्या आधी, घाटरस्त्याच्या भागात न्या. होमस्टेच्या भागात तिचे काम नाही.

क्लिप घाटात गेली तरी एआयची घोषणा करावीच लागते. त्याच `Details` पानावर `Altered content` चा प्रश्न आहे, तिथे `Yes`. खऱ्या माणसाला न बोललेले बोलायला लावणे, खऱ्या जागेचे किंवा घटनेचे दृश्य बदलणे, न घडलेले पण खरे वाटणारे दृश्य बनवणे, या तिन्हींसाठी तो प्रश्न आहे. आंबोली खरी जागा, म्हणून तुम्ही सरळ त्यात बसता. रंग सुधारणे, पार्श्वभूमी धूसर करणे, स्क्रिप्टला एआयची मदत घेणे, याला टिक लागत नाही.

फक्त ते लेबल बहुधा डिस्क्रिप्शन उघडल्यावरच दिसेल. व्हिडिओवरच ठळक लेबल यूट्यूब मुख्यतः आरोग्य, बातम्या, निवडणुका, पैसा अशा विषयांना लावते. म्हणून 12 सेकंद पडद्यावर लिहा: "हे दृश्य एआयने बनवलेले आहे. चित्रीकरण मे महिन्यातले, तेव्हा धबधबा कोरडा होता." खालच्या कडेला लिहू नका, मोबाइलवर सबटायटल त्यावर बसतात.

आणि काका, टिक केल्याने पोच किंवा कमाई कमी होत नाही, असे यूट्यूबने स्पष्ट लिहिले आहे. उलट लपवले तर ते स्वतः लेबल लावतात आणि ते तुम्हाला काढता येत नाही. वारंवार लपवले तर पार्टनर प्रोग्रॅममधून बाहेर.

मॉनेटवाले_काका
लिहिले आहे खरे. पण एकाच साच्याचे, घाऊक पाडलेले व्हिडिओ कमाईतून काढतात हेही लिहिले आहे.

कातळसडा
बरोबर, पण तो नियम वेगळा आहे. त्याचा टिकशी संबंध नाही.

हळदीची_भाजी
मध्येच विचारते. एका कंपनीने न मागता कुकर पाठवला. पैसे नाहीत, करार नाही. त्यात रेसिपी केली तर मलाही हे सगळे लागू?

कातळसडा
न मागता आलेली वस्तूसुद्धा देणेघेणे धरतात, ताई. 'मोफत भेट' असे लेबल लावा आणि तोंडीही सांगा. स्वतःच्या पैशाने घेतला असता तर काहीच नको होते.

ठाणे_स्लो
तिला यूट्यूबचा चौकोनही लागेल का? मला वाटते नाही, पैसेच नाहीत तर 'पेड' कसले?

कातळसडा
मी तरी टिक करतो. कुकरलाही किंमत असतेच.

पुन्हा_रेंडर
एआय निवेदनाचे राहिले. त्याला `Yes` लागते का?

कातळसडा
दुसऱ्याच्या आवाजाची नक्कल असती तर नक्की लागले असते. तयार आवाज कुठल्याच खऱ्या माणसाचा नाही, म्हणून फक्त त्यासाठी टिक नको, असे माझे वाचन. तुमची टिक धबधब्यामुळे होतेच आहे.

नॉनलीगल
मला हे पटत नाही. आयटी नियमांत ऐकणाऱ्याला खरा माणूस वाटेल का, यावर भर आहे. शिवाय तुमच्या आवाजाच्या तोंडी "आम्ही राहून आलो, जेवण छान" असेल, तर तो अनुभव नक्की कोणाचा?

पुन्हा_रेंडर
हे वाक्य स्क्रिप्टमध्ये अगदी असेच आहे. होमस्टेत राहून आलेल्या मुलीकडून तेवढा भाग तिच्याच आवाजात रेकॉर्ड करून मागवतोय. धबधबा 1:05 ला हलवला. मालकांना 'जाहिरात' शब्दाचे अजून सांगितलेले नाही.