बाया ऊसतोडीला गेल्या, प्रशिक्षणाचा पैसा उरला

केजकर: आमच्या संस्थेला बीड जिल्ह्यातल्या कामासाठी ३१ मार्चपर्यंतचं अनुदान आहे. प्रशिक्षणाचे ३ लाख होते, सहा तुकड्या ठरल्या होत्या. दोनच झाल्या, १,१०,००० गेले. दसऱ्यानंतर बाया कोयत्यावर गेल्या. उरलेले १,९०,००० विहीर पुनर्भरण आणि समन्वयकाच्या पगाराकडे वळवायचेत. देणगीदाराला पत्र कसं लिहू?

जुना हिशेबनीस: पगार त्या पत्रात घालू नका. प्रशिक्षण झालं नाही आणि पगार वाढवा, असं एका दमात वाचलं की पुढची ओळ कोणी वाचत नाही. दुसरं, तुमचा सगळा पैसा उरलेलाच नाही. बाया पाडव्याच्या सुमारास परततील; म्हणजे निम्मं काम लांबलंय, रद्द झालेलं नाही. दोन तुकड्यांचे १,१०,००० त्याच शीर्षात ठेवून ३० जूनपर्यंत मुदतवाढ मागा. वळवा फक्त ८०,०००. पुनर्भरणाला ४ लाखांत २५ विहिरी धरल्या असतील तर आणखी पाच होतात. पत्रात हे लिहाच: सहाऐवजी चार तुकड्या, पंचविसाऐवजी तीस विहिरी. खाली शीर्षवार तक्ता द्या: मंजूर, आजवरचा खर्च, बदल, सुधारित. एकूण बेरीज हलता कामा नये.

लातूरचा दादा: एवढा कागद कशाला? दहा टक्क्यांपर्यंत विचारावंच लागत नाही.

जुना हिशेबनीस: तुमच्या करारात असेल. ते दहा टक्के शीर्षाचे की एकूण अनुदानाचे, तेही करारातच बघायचं. इथं ४ लाखांवर ८०,००० म्हणजे वीस टक्के झाले.

भूमकन्या: ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या निधीलाही असंच पत्र चालेल का?

केजकर: ताई, तो सरकारी निधी, त्याचे नियम वेगळे. हे खाजगी देणगीदाराचं आहे.

परभणीवाली: आम्ही आधी खर्च केला, मग पत्र धाडलं. "फोनवर हो म्हणाले होते" यावर विसंबलो. लेखापरीक्षणात ६२,००० नामंजूर झाले, संस्थेच्या खिशातून भरले. लेखी होकार येईस्तोवर एक खड्डाही खोदू नका.

लातूरचा दादा: पण मुदतवाढीचं मला पटत नाही. एप्रिल ते जून समन्वयकाला कोण पोसणार? त्यापेक्षा सगळे वळवा, मोकळे व्हा.

जुना हिशेबनीस: हा मुद्दा खरा आहे. मुदतवाढीत जादा पैसे बहुधा मिळत नाहीत. पण चार तुकड्या सोडल्या तर पुढच्या वर्षी प्रशिक्षणाला कोण पैसा देईल? आणि हा कंपनीचा सीएसआर निधी असेल तर ३१ मार्चचा ताप त्यांनाही असतो, म्हणून पत्र जानेवारीतच जाऊ द्या.

केजकर: कंपनीचाच आहे. समन्वयक म्हणतोय, तीन महिने अर्ध्या पगारावर थांबतो. त्याला तसं थांबवणं बरोबर का, हेच कळंना.

परभणीवाली: अर्ध्या पगारावर नका थांबवू. पोरगं नांदेडला जाईल, मग तुकड्या कोण घेणार?