गुरगुरणं दाबू नका

"कुत्रा जेवताना गुरगुरला की उताणा पाडून दाबून धरायचं, म्हणजे अल्फा, कळपाचा म्होरक्या, कोण ते त्याला कळतं."

हेच मला एका ट्रेनरने सांगितलं होतं आणि मी ते केलंही. दोन आठवड्यांत गुरगुरणं थांबलं. मग एक दिवस वाडगा उचलायला वाकलो, तर तो आवाज न करता थेट हाताला चावला. भीती तशीच होती, मी फक्त तिची पूर्वसूचना बंद केली होती.

अल्फाची कल्पना प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांच्या 1947च्या, बंदिस्त लांडग्यांवरच्या निरीक्षणांतून आली. तिचा प्रसार करणारे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच 1999मध्ये लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं. तिथे सत्तेसाठी झुंजून कोणी म्होरक्या होत नाही. आणि कुत्रा तर लांडगाही नाही!

नंतर आम्ही उलटं केलं. तो जेवताना सहा-सात फुटांवरून चिकनचा तुकडा टाकायचा आणि निघून जायचं. अंग ताठरलं, खाण्याचा वेग वाढला किंवा डोळ्यांचा पांढरा भाग दिसला, की आपण फार जवळ आलो, मागे सरायचं. दीड महिन्याने मला बघून तो वाडग्यातून मान वर काढायला लागला. चावा आधीच झाला असेल, तर मात्र हे एकट्याने करू नका.