भाडं आणि काँट्रॅक्टरचे पैसे: आयएमपीएस, एनईएफटी की आरटीजीएस?

खराडीचा_पाहुणा
येत्या रविवारी खराडीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये शिफ्ट होतोय. डिपॉझिट १,२०,००० आणि मग दर महिन्याला २८,०००. शिवाय सांगलीच्या घराचं किचन-बाथरूम फोडून नव्याने करायचंय, त्या काँट्रॅक्टरला पहिला हप्ता २,६०,०००. बायको म्हणते सगळं आयएमपीएसने टाक, लगेच पोचतं, विषय संपला. भाऊ म्हणतो मोठी रक्कम एनईएफटीनेच, काही चुकलं तर मधे थांबवता तरी येतं. कोणाचं ऐकू? (दोघं इथे वाचत नाहीत, बिनधास्त लिहा.)

नाईट_शिफ्ट_चाकण
भावाचं ऐक. एनईएफटी अर्ध्या अर्ध्या तासाच्या बॅचमध्ये जातं म्हणजे तेवढा वेळ पैसे मधेच असतात, तोवर रद्द करता येतं. मी स्वतः केलंय, नंबर चुकला होता, अ‍ॅपमधून कॅन्सल मारलं आणि पैसे खात्यातच राहिले. आयएमपीएस म्हणजे बाण सुटला की सुटला.

डोंबिवली_फास्ट_लोकल
अहो पण घरमालक किल्ली हातात धरून दारात उभा असतो तेव्हा त्याला काय सांगणार, काका थांबा बॅच यायचीय? सामानाचा टेम्पो खाली उभा, वेटिंगचे पैसे चालू. आयएमपीएस ५ लाखापर्यंत जातं ना आता, मग प्रश्नच कुठे आहे. काँट्रॅक्टरचे पण त्यानेच टाक.

जुना_काउंटरवाला
एकतीस वर्षं बँकेत काढली, आता घरी बसून नातवाला सांभाळतो, म्हणून सविस्तर लिहितो.

चाकणवाले, तुम्ही जे रद्द केलंत ते बहुतेक शेड्यूल केलेलं ट्रान्सफर असणार, म्हणजे पुढची तारीख टाकलेलं. ते खात्यातून निघालेलंच नव्हतं म्हणून रद्द झालं. एकदा खात्यातून रक्कम वजा झाली की एनईएफटी थांबवायचं बटण ग्राहकाच्या हातात नसतं. बॅचला अर्धा तास लागतो तो तुमच्या विचार बदलण्यासाठी ठेवलेला नाही, बँकांनी एकमेकांकडचं येणं-देणं एकत्र करून फरक तेवढा चुकता करायचा म्हणून आहे. नंबर चुकला आणि तो कोणाचातरी खरा चालू नंबर निघाला, तर आयएमपीएस असो, एनईएफटी असो की आरटीजीएस, पैसे परत मिळतात ते समोरच्याने हो म्हटलं तरच. त्यामुळे सुरक्षित म्हणून एनईएफटी निवडणं हे चुकीचं कारण आहे.

आता वेळ. संध्याकाळी ६:३५ ला एनईएफटी केलंत तर ते ७ च्या बॅचमध्ये जाईल, आणि घरमालकाच्या बँकेला तिथून पुढे दोन तासांत, म्हणजे ९ पर्यंत, एकतर जमा करायचं नाहीतर परत पाठवायचं बंधन आहे. बहुतेक वेळा खूप आधीच होतं. पण किल्लीसाठी दारात उभं राहून ९ ची वाट बघायला कोणाला आवडेल. तिथे डोंबिवलीकरांचं बरोबर आहे, डिपॉझिट आयएमपीएसनेच.

न्यू_जर्सीचा_नाना
पण रविवारी एनईएफटी चालतच नाही ना? २०१४ ला निघालो तेव्हा शनिवारी दुपारीच बंद व्हायचं. इथे अमेरिकेत तर आमचं भाडं एसीएचने, म्हणजे इथल्या बँकांच्या बॅचवाल्या ट्रान्सफरने जातं, सुट्टीच्या दिवशी हलत नाही, आणि खात्यात पैसे कमी असतील तर ते दोन दिवसांनी बाउन्स होऊन परत येतं, तोवर मालकाला वाटतं भाडं आलं. तुमचं भाडं घरमालकाने तुमच्या खात्यातून ओढायचं आहे की तुम्ही स्वतः त्याच्याकडे ढकलायचं आहे?

जुना_काउंटरवाला
नाना, २०१९ च्या डिसेंबरपासून एनईएफटी चोवीस तास, रविवारी, दिवाळीला, सगळं चालू. रोज ४८ बॅच. आरटीजीएस पण २०२० च्या डिसेंबरपासून तसंच. आणि इथे सगळे ढकलतात, ओढायची पद्धत हप्त्यांना आणि एसआयपीला.

रांगोळी_आणि_टाइल्स
माझं ऐका मग ठरवा. नाशिकला घराच्या टाइल्सचं काम, टाइल्सवाल्याला ८५,००० द्यायचे होते. शनिवारी दुपारी आयएमपीएस केलं, खात्यातून गेले, अ‍ॅपमध्ये नुसतं गोल फिरतंय आणि खाली पेंडिंग. तो म्हणतो ताई आलेच नाहीत, माणसं निघून जातील. मी घाबरून लगेच एनईएफटीने परत ८५,००० टाकले. रात्री साडेआठला त्याचा फोन, ताई दोन्ही आले. मग परत करा म्हटलं तर म्हणे माल घेतला त्यात गेले, पुढच्या बिलात अ‍ॅडजस्ट करू. आज माझ्या गच्चीवर पण टाइल्स आहेत. मला गच्चीवर टाइल्स नको होत्या.

डोंबिवली_फास्ट_लोकल
😂 पण मग ते आयएमपीएसचं नाही तुमच्या घाईचं झालं ना

रांगोळी_आणि_टाइल्स
हो का. दारात चार मजूर बसलेले असताना तुम्ही गोल फिरणारं चक्र बघून शांत बसून दाखवा.

जुना_काउंटरवाला
ताईंची चूक शेकडो लोक करतात, काउंटरवर रोज एकजण तरी यायचा. आयएमपीएसमध्ये समोरच्या बँकेकडून उत्तर वेळेत आलं नाही की तुमचं अ‍ॅप पेंडिंग दाखवतं. याचा अर्थ गेलं नाही असा नाही, गेलं की नाही ते अजून माहीत नाही एवढाच. पुढे दोनच गोष्टी होतात, एकतर जमा होतं नाहीतर उलटून तुमच्या खात्यात येतं, आणि उलटायची मुदत दुसऱ्या दिवसापर्यंत आहे. तोपर्यंत परत पाठवायचं नाही. १२ आकडी आरआरएन नंबर असतो मेसेजमध्ये, तो समोरच्याला द्यायचा आणि त्याच्या बँकेत विचारायला सांगायचं. दुसरा दिवस उलटला तरी पैसे परत नाहीत तर रोजचे १०० रुपये भरपाई, रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियमच आहे.

गंमत अशी की एनईएफटी लटकलं तर भरपाई व्याजाने मिळते, रेपो दर अधिक दोन टक्के. तुमच्या २८,००० वर एका दिवसाचे पाच-सहा रुपये होतील. म्हणजे भरपाईच्या हिशोबाने लहान रकमेला आयएमपीएस परवडतं, पण त्यासाठी पैसे अडकून बसावे लागतात ही अडचण आहे.

नाईट_शिफ्ट_चाकण
ठीक आहे, कॅन्सलचं माझं चुकलं असेल, तारीख टाकलेलंच होतं आठवतंय आता. पण मग दर महिन्याच्या भाड्याला मी तरी एनईएफटीच म्हणेन. १ तारखेचं भाडं ३० ला रात्री शेड्यूल करून ठेवतो, सकाळपर्यंत पोचलेलं असतं, ऑनलाइन एनईएफटीला चार्ज नाही. आयएमपीएसला माझी बँक प्रत्येक वेळी थोडे थोडे कापते, वर्षाचे बारा वेळा का द्यायचे फुकट.

डोंबिवली_फास्ट_लोकल
भाड्याला यूपीआय करा की मग, २८,००० तर आहेत. फुकट, लगेच, आणि नाव पण दिसतं पाठवायच्या आधी.

नाईट_शिफ्ट_चाकण
माझे घरमालक ७४ वर्षांचे, यूपीआय नाही, पासबुक भरून आणतात आणि बोट ठेवून दाखवतात, हे बघ आलं. त्यांना काय शिकवू.

खराडीचा_पाहुणा
सगळे भारी आहात. एक अडचण, घरमालकाचं खातं काल संध्याकाळी अ‍ॅड करायला गेलो तर अ‍ॅप म्हणतं नवीन लाभार्थ्याला पहिले २४ तास ५०,००० पेक्षा जास्त नाही. आणि काँट्रॅक्टरचे २,६०,००० चं पण सांगा ना, आयएमपीएस की आरटीजीएस?

जुना_काउंटरवाला
बँकेगणिक ही मर्यादा वेगळी असते, पण असतेच. म्हणून रविवारच्या किल्लीसाठी खातं शुक्रवारी अ‍ॅड करायचं, शुक्रवारीच १ रुपया पाठवायचा आणि घरमालकाला फोन करून विचारायचं आला का, कोणाच्या नावाने दिसतोय. लोक दारात उभे राहून ओटीपी टाकतात आणि मग घाम पुसतात.

काँट्रॅक्टरला मी आरटीजीएस म्हणेन. २ लाखाच्या वर म्हणजे चालतं, एकेक व्यवहार रिझर्व्ह बँकेच्या हिशोबात तिथल्या तिथे चुकता होतो, समोरच्या बँकेने अर्ध्या तासात जमा करायचं आणि ऑनलाइन केलंत तर बहुतेक ठिकाणी फुकट. आणि मुख्य म्हणजे नाव. आपल्याकडे पैसे जमा होतात ते फक्त खाते नंबरवर, नाव तुम्ही मारुती टाकलं काय आणि महादेव टाकलं काय, कोणी ताडून बघत नाही. एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएसला पाठवायच्या आधी खातेदाराचं नाव दाखवायची सोय बँकांना द्यायला लावलीय, ती वापरा. अ‍ॅग्रीमेंटवर जे नाव आहे तेच दिसलं पाहिजे.

रांगोळी_आणि_टाइल्स
काका सगळं बरोबर पण मूळ मुद्दा सोडताय. एवढे २,६०,००० एकदम का द्यायचे? मी आता पाडकाम झालं की एवढे, प्लंबिंगचं टेस्टिंग झालं की एवढे, असं देते. ५०-६० हजाराचे तुकडे, संध्याकाळी काम बघून. तेव्हा आयएमपीएसच लागतं कारण दुसऱ्या दिवशीची सिमेंटची ऑर्डर त्याच पैशावर असते.

जुना_काउंटरवाला
ते पटतंय. पण तुकडे केले की हिशोब तुम्हाला ठेवावा लागतो, रिमार्कमध्ये लिहिलेलं समोरच्याच्या पासबुकात दिसेलच असं नाही. वहीत तारीख, रक्कम, नंबर आणि कशाचे ते लिहून त्याची सही घ्यायची.

डोंबिवली_फास्ट_लोकल
सही?? व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट टाकला की झालं

रांगोळी_आणि_टाइल्स
स्क्रीनशॉट माझ्याकडे पण होता. पेंडिंगचा.

खराडीचा_पाहुणा
अपडेट: शुक्रवारी १ रुपया टाकला, रविवारी डिपॉझिट आयएमपीएसने गेलं, मालकाच्या फोनवर मेसेज वाजला आणि किल्ली मिळाली, टेम्पोवाल्याने वेटिंगचे लावलेच तरी. भाडं महिन्याच्या शेवटी एनईएफटी शेड्यूल. काँट्रॅक्टरचं मात्र अडलंय. आरटीजीएस करायच्या आधी नाव बघितलं तर भलतंच, विचारलं तर म्हणे मेहुण्याचं खातं आहे, माझं सध्या बंद आहे, तुम्ही टाका बिनधास्त. भाऊ म्हणतो ओळखीचा आहे, टाक.

जुना_काउंटरवाला
टाकू नका. उद्या तो म्हणाला मला मिळालेच नाहीत तर तुमचा यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा नंबर, मेहुण्याच्या नावाकडे बोट दाखवेल.

नाईट_शिफ्ट_चाकण
अहो गावाकडे अर्धे काँट्रॅक्टर असंच घेतात, कागदावर लिहून घ्या मेहुण्याच्या खात्यात घेतले म्हणून. नाहीतर काम अडेल.

रांगोळी_आणि_टाइल्स
कागद कोणाकडून, काँट्रॅक्टरकडून की मेहुण्याकडून?

खराडीचा_पाहुणा
तोच विचार करतोय. आज रात्री फोन करतो दोघांना.